किती विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं? एटीकेटीचा हिशेब असा करा

दहावीला एक किंवा दोन विषय राहिले तरी राज्य मंडळाच्या नियमानुसार अकरावीला प्रवेश मिळतो, हे घराघरांत माहीत असतं. त्यामुळे 'दोन विषयांपर्यंत चालतं' हे मनात पक्कं बसतं आणि मुलं तोच समज घेऊन डिग्रीला येतात. इंजिनिअरिंगला मात्र बहुतेक विद्यापीठांत विषय मोजत नाहीत, क्रेडिट मोजतात, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेलं वजन. शिवाय कुठल्या वर्षाचं क्रेडिट राहिलंय, यावर सगळं ठरतं. निकालानंतर गुणपत्रिका घेऊन समोर बसलेल्या विद्यार्थ्यांबरोबर मी हा हिशेब बऱ्याच वेळा केला आहे. चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी होते, म्हणून तेवढाच भाग इथे सविस्तर सांगतो.

एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स'. राहिलेले विषय सोबत घेऊन पुढची टर्म भरायची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. त्या विषयांतून सुटका झालेली नसते.

आधी आपल्या नियमाचा कागद मिळवा

कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या वेबसाइटवर तुमच्या अभ्यासक्रमाची 'रूल्स अँड रेग्युलेशन्स' नावाची पीडीएफ असते. ती उघडताना पॅटर्नचं वर्ष नीट बघा. वरच्या बॅचचा पॅटर्न वेगळा असू शकतो, त्यामुळे सिनियरने सांगितलेला नियम त्याच्यासाठी खरा आणि तुमच्यासाठी खोटा असू शकतो. त्या पीडीएफमध्ये एटीकेटीचं कलम शोधा.

शब्द थोडेफार बदलतील, पण चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला या नियमात बऱ्याचदा दोन अटी असतात. पहिली, नुकत्याच संपलेल्या वर्षाच्या एकूण क्रेडिटपैकी किमान निम्मी मिळालेली हवीत. दुसरी, त्याच्या मागच्या वर्षाचं काहीही शिल्लक नको. म्हणजे सेकंड इयरला जाताना फर्स्ट इयरची निम्मी क्रेडिट पुरतात. थर्ड इयरला जाताना सेकंड इयरची निम्मी चालतात, पण फर्स्ट इयर पूर्ण सुटलेलं लागतं. फायनल इयरला जाताना हेच एक वर्ष पुढे सरकतं. वर्षाच्या मध्ये, म्हणजे पहिल्या सत्रातून दुसऱ्या सत्रात जाताना, सहसा अशी अडवणूक नसते. नेमकं त्यामुळेच डिसेंबरमध्ये कुणाला धोका जाणवत नाही.

काही विद्यापीठांत टक्क्यांऐवजी थेट 'इतक्याच विषयांपर्यंत' अशी मर्यादा असते, काही ठिकाणी विषयांऐवजी 'पासिंग हेड', म्हणजे थिअरी, प्रॅक्टिकल असे वेगवेगळे पास व्हायचे भाग मोजतात. तुमच्याकडे काय मोजतात ते कलमातच सापडेल. पुढचं गणित त्याप्रमाणे बदलून घ्या.

गुणपत्रिकेवर क्रेडिट मोजा

एकाच विषयाची थिअरी, प्रॅक्टिकल आणि टर्मवर्क यांची क्रेडिट वेगवेगळी लिहिलेली असतात. थिअरीत नापास झालात तरी प्रॅक्टिकलचं क्रेडिट तुमच्याच खात्यात राहतं. म्हणून 'पाच विषय गेले' असं म्हणू नका, 'किती क्रेडिट गेली' ते बघा.

समजा, एका विद्यार्थिनीच्या फर्स्ट इयरला एकूण ४४ क्रेडिट आहेत. गणित १, मेकॅनिक्स, इलेक्ट्रिकल आणि प्रोग्रॅमिंग या चार थिअऱ्या प्रत्येकी ३ क्रेडिटच्या, तर गणित २ ची थिअरी ४ क्रेडिटची. या पाचही राहिल्या. गेली १६, मिळाली २८. निम्मी म्हणजे २२, तेव्हा सहा क्रेडिट वर ठेवून ती आरामात सेकंड इयरला गेली. पाच विषय राहूनही वर्ष गेलं नाही, म्हणून घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सेकंड इयरच्या हिवाळी परीक्षेत चालू सत्राचे पाच पेपर आणि मागचे पाच, असे दहा पेपर झाले. मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिकल सुटले, चालू सत्रातली एक थिअरी राहिली. उन्हाळी परीक्षेत नवे पाच, फर्स्ट इयरचे तीन आणि हिवाळ्यातला एक, असे नऊ. वर्गात जे शिकवत होते त्याचा अभ्यास तिने आधी केला, जे स्वाभाविकच आहे. गणित १ आणि प्रोग्रॅमिंग निघालं, गणित २ राहिलं. सेकंड इयरच्या एकूण तीन थिअऱ्या राहिल्या, म्हणजे ९ क्रेडिट गेली.

आता दोन्ही अटी लावा. सेकंड इयरची ४४ पैकी ३५ क्रेडिट आहेत, पहिली अट पूर्ण झाली. फर्स्ट इयरची ४४ पैकी ४० आहेत, चार कमी. दुसरी अट पडली आणि एका पेपरसाठी वर्ष गेलं. तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याचं फर्स्ट इयर पूर्ण सुटलेलं होतं आणि सेकंड इयरच्या ३ क्रेडिटच्या सहा थिअऱ्या राहिल्या होत्या. त्याची १८ गेली, २६ उरली. तो थर्ड इयरला गेला.

हा निकाल बघून घरी पालक म्हणतात, 'सहा विषय नापास झालेला पुढे आणि आमची मुलगी मागे, काहीतरी चूक झाली असणार.' चूक झालेली नसते. चालू वर्षाच्या पेपरला दुसरी संधी असते. मागच्या वर्षाच्या पेपरची शेवटची तारीख मात्र या उन्हाळ्यातच असते.

अभ्यासाचा क्रम त्यावरून लावा

सेकंड इयरच्या पहिल्याच महिन्यात एका कागदावर फक्त फर्स्ट इयरचे राहिलेले पेपर लिहा आणि प्रत्येकासमोर किती संधी आहेत ते लिहा. इथे एक गोष्ट परीक्षा विभागात विचारूनच घ्या: बॅकलॉगचे पेपर दर हंगामात दोन्ही सत्रांचे होतात, की विषम सत्राचे फक्त हिवाळ्यात आणि सम सत्राचे फक्त उन्हाळ्यात? दोन्ही पद्धती चालतात. दुसरी पद्धत असेल तर दुसऱ्या सत्रातल्या गणित २ ला वर्षभरात एकच संधी मिळते, आणि तीही निर्णायक.

माझं स्पष्ट मत आहे, की हिवाळी परीक्षेत फर्स्ट इयरचे जितके पेपर देता येतील तितके पूर्ण तयारीने द्यावेत. त्यासाठी चालू सत्रातला एखादा अवघड पेपर मागे राहिला तरी चालेल. तो पेपर तुम्हाला या वर्षी अडवणार नाही.

कुठल्या पेपरला किती गुण हवेत हेही आधीच काढा. समजा, अंतर्गत परीक्षा ३० गुणांची आणि सत्रान्त ७० ची आहे, एकूण १०० पैकी ४० लागतात, आणि सत्रान्त परीक्षेत वेगळे ४० टक्के, म्हणजे २८ गुण हवेत. ज्याला अंतर्गतमध्ये ६ आहेत त्याला सत्रान्तमध्ये ३४ लागतील. ज्याला १८ आहेत त्याला बेरजेसाठी २२ पुरतील असं वाटतं, पण तरीही २८ लागतातच. बॅकलॉगला बसताना जुने अंतर्गत गुण पुढे येतात की पुन्हा परीक्षा द्यावी लागते, हे त्याच पीडीएफमध्ये असतं. गुणपत्रिकेवर बेरीज ४० च्या वर असूनही 'एफ' दिसत असेल, तर बहुधा सत्रान्तचा हा वेगळा उंबरठा आडवा आला आहे.

पुरवणी परीक्षा आणि फॉर्म

स्वायत्त कॉलेजांत निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी किंवा री-एक्झाम घेतात. त्यातून सुटलेला पेपर नवं वर्ष सुरू व्हायच्या आधीच खात्यात जमा होतो, म्हणून वर्ष वाचवायला ती सर्वांत उपयोगी. पण काही ठिकाणी तिच्यात मिळणाऱ्या ग्रेडला वरची मर्यादा असते किंवा विषयांची संख्या ठरलेली असते, ते आधी बघा. जिथे वेगळी पुरवणी परीक्षा नसते तिथे पुढच्या नियमित हंगामातच बॅकलॉगचे पेपर होतात.

फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशनसाठी अर्ज केला असेल तरी बॅकलॉगचा फॉर्म त्याच वेळी भरून टाका. रिव्हॅल्युएशनचा निकाल कधीकधी फॉर्मची मुदत संपल्यावर लागतो. गुण वाढले तर तुम्ही सुटलातच; वाढले नाहीत आणि फॉर्मही भरलेला नसेल, तर ती संधी वाया जाते. माझ्यासमोर बसलेल्या एका मुलाचं वर्ष असंच गेलं, दोन गुण वाढतील या भरवशावर. फॉर्म भरल्यावर हॉल तिकिटावर बॅकलॉगचे सगळे विषय आणि त्यांचे कोड आलेत का ते मोजून बघा. एखादा विषय टिक करायचा राहिला तर परीक्षेच्या आदल्या दिवशी काही करता येत नाही.

रिव्हॅल्युएशन चालू असताना काही कॉलेजं पुढच्या वर्षात तात्पुरता प्रवेश देतात. तो घेताना लेखी हमीपत्र लिहून घेतात. निकाल विरोधात गेला तर तो प्रवेश रद्द होतो आणि त्या काळात भरलेली हजेरी मोजत नाहीत.

वर्ष गेलंच तर

इयर डाऊन झालेल्या विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी आख्खं वर्ष पुन्हा करावं लागत नाही. प्रॅक्टिकल आणि टर्मवर्कचे गुण राहतात, फक्त राहिलेल्या पेपरचा फॉर्म भरायचा असतो. हजेरी किंवा टर्मवर्क अपुरं राहून टर्मच ग्रँट झाली नसेल तर मात्र ते सत्र हजेरीसकट पुन्हा करावं लागतं. हे दोन प्रकार गुणपत्रिकेवर सारखेच वाटू शकतात, म्हणून परीक्षा विभागात विचारून खात्री करा.

त्या मोकळ्या वर्षात दोन गोष्टी तपासा. तुम्ही थर्ड इयरला पोहोचेपर्यंत पॅटर्न बदलणार आहे का? बदलणार असेल, तर जुन्या विषयांना नव्या अभ्यासक्रमात कुठले विषय समकक्ष धरले जातील त्याची यादी मागा. दुसरी गोष्ट म्हणजे डिग्रीची कमाल मुदत. यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे साधारणपणे नियमित वर्षांपेक्षा दोन वर्षं जास्त मिळतात, म्हणजे चार वर्षांच्या डिग्रीला सहा. एक वर्ष गेलं की त्या दोनातलं एक संपलं. वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीकडे आता गणित २ आणि सेकंड इयरच्या तीन थिअऱ्या आहेत. हे चारही पेपर हिवाळ्यातच निघाले, तर थर्ड इयरला ती काहीच शिल्लक न ठेवता बसेल. फक्त गणित २ निघालं आणि बाकीचे तिन्ही राहिले, तरी थर्ड इयरला जाता येईल, पण मग फायनल इयरच्या दारात तीच दुसरी अट त्या तीन पेपरांसाठी उभी असेल.