निलंबनाचा आदेश कसा लिहायचा: कारण, निर्वाह भत्ता आणि साक्षीदारांपासून लांब ठेवायची अट

आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढली, त्यात निलंबनाचे आदेश खूप लिहिले आणि काही उलटलेलेही बघितले. बहुतेक वेळा केस खरी असते, पण आदेश घाईत जुन्याची कॉपी मारून काढलेला असतो. म्हणून महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यासाठी विभागीय चौकशीच्या आधी काढायचा आदेश कसा लिहायचा ते एका उदाहरणावरून सांगतो.

समजा भांडार लिपिक आहे, मूळ पगार ५०,०००, साठा तपासताना नोंदवहीपेक्षा माल कमी भरला आणि त्याच्या हाताखालचे दोन शिपाई म्हणतात की साहेबांच्या सांगण्यावरून माल बाहेर गेला.

आधी बघा निलंबन लागतंय का. नुसता आरोप आहे म्हणून निलंबन करायचं नसतं, तो खुर्चीवर राहिला तर नोंदवह्या बदलेल किंवा शिपायांवर दबाव आणेल अशी खरी भीती असेल तरच. बदली करून काम भागत असेल तर बदली करा. इथे दप्तर त्याच्याच ताब्यात आणि साक्षीदार त्याच्याच हाताखाली, त्यामुळे निलंबन योग्य.

आता कारण. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ मधला नियम ४ नमूद करायचा आणि आदेश नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्याच सहीने काढायचा, इथे चूक झाली की बाकी सगळं व्यर्थ. मजकुरात "यांनी अपहार केला" असं कधीच लिहू नका, तो निष्कर्ष झाला आणि चौकशी अजून सुरूही नाही. असं लिहा: "भांडार साठ्यात तफावत आढळल्याच्या प्रकरणी यांच्याविरुद्ध विभागीय चौकशी करण्याचे योजिले असल्याने, त्या चौकशीच्या अधीन राहून यांना निलंबित करण्यात येत आहे." मागची तारीख टाकू नका. ४८ तासांपेक्षा जास्त पोलीस किंवा न्यायालयीन कोठडी झाली असेल तर ते मानीव निलंबन, ते अटकेच्या तारखेपासून धरतात, ती गोष्ट वेगळी.

निर्वाह भत्ता. हा भाग लोक एका ओळीत उरकतात आणि मग माणूस महिनोन्महिने पैशावाचून बसतो. हिशोब सोपा आहे, अर्धपगारी रजेवर जितकं वेतन मिळालं असतं तितकं, म्हणजे इथे २५,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता. पहिले ३ महिने हाच आकडा. त्यानंतर फेरविचार करायचा, उशीर प्रशासनामुळे झाला असेल तर ही २५,००० ची रक्कम ५० टक्क्यांपर्यंत वाढवता येते म्हणजे ३७,५०० पर्यंत, आणि उशीर थेट त्याच्यामुळे असेल तर तितकीच कमी म्हणजे १२,५०० पर्यंत. दुसरीकडे नोकरी धंदा करत नसल्याचा दाखला त्याने द्यायचा असतो, ते आदेशातच लिहा म्हणजे त्याला कळेल. पैसे अडवू नका हो, निर्वाह भत्ता न मिळाल्यामुळे माणूस चौकशीला येऊ शकला नाही म्हणून पॉल अँथनीच्या केसमध्ये १९९९ ला सुप्रीम कोर्टाने त्याच्याविरुद्धची कारवाई टिकू दिली नाही.

मग मुख्यालय, म्हणजे निलंबनाच्या काळात त्याने राहायचं ठिकाण. एका गावाचं नाव लिहा, आणि पूर्वपरवानगीशिवाय ते सोडायचं नाही असं लिहा, पण परवानगी कुणाकडे मागायची तेही लिहा. हे राहतं आणि मग आई दवाखान्यात असली तरी अर्ज कुठे द्यायचा हे त्याला कळत नाही. मुख्यालय म्हणजे घरात कोंडणं नाही, आणि रोज ऑफिसात येऊन सही करायची अट तर घालूच नका, काम काढून घेतलेल्या माणसाला हजेरी कसली.

साक्षीदारांची अट सगळ्यात जपून लिहायची. "कोणत्याही कर्मचाऱ्याशी संपर्क करू नये" हे फार मोघम झालं, शेजारी राहणारा सहकारी असला तर तो काय करणार? अट अशी लिहा की भांडार शाखेतल्या कर्मचाऱ्यांशी या साठ्याविषयी बोलायचं नाही, निरोप पाठवायचा नाही, फोन मेसेज नाही, आणि परवानगीशिवाय भांडारात जायचं नाही. साक्षीदारांची नावं मात्र टाकू नका, त्याने उलट दबाव कुणावर आणायचा तेच कळतं. अजयकुमार चौधरी केसमध्ये २०१५ ला सुप्रीम कोर्टाने संपर्क आणि कागदपत्रांवर बंदी घालता येते असं म्हटलंय, पण ती बचाव तयार करायच्या टप्प्यापर्यंतच. तेव्हा हेही लिहून टाका की दोषारोपपत्रानंतर कागद बघायची सोय दिली जाईल. आणि किल्ल्या, वह्या, कॉम्प्युटरचा पासवर्ड त्याच दिवशी पंचनामा करून ताब्यात घ्या, नाहीतर अट कागदावरच राहील.

आदेश हातात दिल्याची तारखेसह पोच घ्या, तिथून अपिलाचे ४५ दिवस धरतात. आणि त्याच दिवशी ९० दिवसांनंतरची तारीख डायरीत लिहा, कारण तोवर दोषारोपपत्र बजावलं नाही तर चौधरी निकालाप्रमाणे निलंबन पुढे चालवता येत नाही, आणि बजावलं असेल तरी मुदत वाढवायला कारणांसह वेगळा आदेश लागतो.