या चुका टाळा: जर्मनमधली दोन टिंबं आणि आपलं ‘असतं तर’

वाण्याच्या दुकानात आपण म्हणतो, ‘अर्धा किलो साखर हवी होती.’ साखर आत्ता हवी असते, तरी क्रियापद भूतकाळात जातं, आणि मागणं आपोआप मऊ होतं. जर्मन बेकरीत हेच काम ‘इश हेटे गेर्न त्स्वाय ब्र्योट्शेन’ करतं. ‘इश विल’ म्हटलं तर पाव मिळतात, पण ऐकणाऱ्याला ते ‘मला पाहिजेत, द्या’ असं लागतं.

म्हणजे विनंती, इच्छा आणि ‘असतं तर’ सांगणारं जर्मन क्रियापदाचं जे रूप, त्या कोन्युंक्टिव्ह त्स्वायची कल्पना मराठी माणसाला नवी नाही. घोटाळा होतो तो याच ओळखीमुळे. ‘हवी होती’ डोक्यात असल्याने जिभेवर ‘हाटे’ येतं, आणि ‘हाटे’ म्हणजे खराखुरा भूतकाळ. जर्मनमध्ये भूतकाळाच्या रूपावर दोन टिंबं चढली की ‘हेटे’ होतं आणि मगच ते विनंतीचं रूप बनतं.

बेकरीत समोरचा हे समजून घेतो, लिहिताना मात्र फटका बसतो. माझ्या एका विद्यार्थ्याला भाड्याचं घर बघायला जायचं होतं. ‘सोमवारी येऊ शकेन’ म्हणून त्याने लिहिलं:

`Ich konnte am Montag kommen.`

याचा अर्थ होतो, ‘मला सोमवारी येणं जमलं होतं.’ घरमालकाचं उत्तर आलं, ‘कोणत्या सोमवारी?’ त्याला `könnte` लिहायचं होतं. कीबोर्डवर ती अक्षरं नसतील तर टिंबं गाळायची नाहीत, पुढे e जोडायचा: `koennte`, `haette`, `wuerde`. जर्मन वाचकाला हे सरळ कळतं.

टिंबं लक्षात राहिली की काही जण ती सगळीकडे देऊ लागतात आणि ‘व्योल्टे’, ‘झ्योल्टे’ तयार होतात. अशी रूपं नाहीत. मोडल क्रियापदांत मूळ रूपावर टिंबं असतील तरच इथे येतात. `können` वर आहेत म्हणून `könnte`, तर `wollen` आणि `sollen` वर नाहीत म्हणून `wollte` आणि `sollte` दोन्ही अर्थांना तसेच राहतात. ‘म्योश्टे’बद्दलही एक सांगायला हवं. ते स्वतःच `mögen` चं कोन्युंक्टिव्ह रूप आहे, त्यामुळे ‘इश व्युर्डे म्योश्टेन’ म्हणू नका. ‘इश म्योश्टे’ एवढंच पुरतं.

आता इच्छांकडे येऊ. आपण ‘आणखी वेळ असता तर…’ म्हणून वाक्य अर्धवट सोडतो, आणि ती हळहळ पोचते. जर्मनमध्ये ‘वेन इश मेअर त्साइट हेटे’ एवढ्यावर थांबलात तर ऐकणारा पुढच्या भागाची वाट बघत राहतो. हळहळ पोचवायला आत ‘डोख’ किंवा ‘नुर’ लागतो: ‘वेन इश डोख मेअर त्साइट हेटे!’ ‘माझी इच्छा आहे की…’ असं सांगायचं झालं तर तिथेही टिंबांसकट ‘व्युन्श्टे’ लागतं: ‘इश व्युन्श्टे, इश हेटे मेअर त्साइट.’

सगळ्यात जास्त चुका होतात त्या होऊन गेलेल्या गोष्टींच्या बाबतीत. ‘लवकर निघालो असतो तर गाडी मिळाली असती’ हे वाक्य घ्या. मराठीत दोन्हीकडे ‘असणे’ आहे, म्हणून शिकणारा दोन्हीकडे त्याचं जर्मन रूप ‘वेरे’ लावतो. नाहीतर ‘हेटे’ सोपं वाटतं म्हणून दोन्हीकडे ‘हेटे’. जर्मनला मात्र प्रत्येक क्रियापदाचा सोबती वेगळा विचारावा लागतो.

यासाठी आधी साधं भूतकाळी वाक्य करायचं. मी निघालो: ‘इश बिन लोसगेगांगेन’. इथे ‘बिन’ आहे, म्हणून ‘वेरे’. मला गाडी मिळाली: ‘इश हाबे डेन त्सूग बेकोमेन’. इथे ‘हाबे’ आहे, म्हणून ‘हेटे’. मग जोडायचं: ‘वेन इश फ्र्यूअर लोसगेगांगेन वेरे, हेटे इश डेन त्सूग बेकोमेन.’ पहिल्या भागात क्रियापद शेवटी, दुसऱ्याच्या सुरुवातीलाच. स्वल्पविरामाच्या दोन बाजूंना ‘वेरे, हेटे’ अशी दोन क्रियापदं शेजारी आली की रचना जमली असं समजा.

दुसऱ्या भागात ‘व्युर्डे बेकोमेन’ घातलंत तर काळ बदलतो. ते ‘मिळेल’कडे झुकतं, आणि गाडी तर सुटून गेलेली असते. ‘व्युर्डे’ आत्ताच्या किंवा पुढच्या गोष्टींसाठी ठेवा: ‘वेन इश त्साइट हेटे, व्युर्डे इश कोमेन’, म्हणजे आत्ता वेळ असता तर आलो असतो. या पहिल्या भागात ‘हाबेन व्युर्डे’ अगदी चूक नाही, पण कानाला जड जातं. ‘हेटे’ आणि ‘वेरे’ एकटेच चांगले वाटतात.