रिकामी जागा बरोबर, कारण चूक: ग्रामर वर्कशीट भरताना या चुका टाळा

मी ऐरोलीत आठवी-नववीच्या पोरांचं इंग्लिश घेते. वर्कशीट तपासायला बसलं की एक गोष्ट सारखी दिसते, रिकाम्या जागेत उत्तर बरोबर असतं आणि बाजूच्या "कारण लिहा"च्या रकान्यात काहीतरी ठोकून दिलेलं असतं. "द येतो म्हणून द." "ट्रेन नाउन आहे म्हणून." अहो पण नाउन तर सगळेच आहेत ना! कारण म्हणजे त्याच वाक्यातला असा शब्द, ज्याच्यामुळे दुसरं उत्तर बसत नाही. तो शब्द पेन्सिलने अधोरेखित करा आणि मगच उत्तर भरा, उलटं नको.

हा एक उतारा घेऊ, आमच्याकडे पोरं हमखास अडकतात असा. जिथे काहीच लागत नाही तिथे फुली मारायची असं वर्कशीटच्या वरच सांगितलेलं आहे.

(१)___ फर्स्ट पॅसेंजर ट्रेन इन इंडिया रॅन फ्रॉम बोरी बंदर टू ठाणे (२)___ १६ एप्रिल १८५३. इट लेफ्ट (३)___ द आफ्टरनून. माय अंकल हॅज लिव्ह्ड इन ठाणे (४)___ ट्वेंटी इयर्स. ही वेअर्स (५)___ ओल्ड युनिफॉर्म अँड गोज टू वर्क बाय (६)___ ट्रेन. देअर इज (७)___ रूम इन द फास्ट लोकल, सो ही टेक्स द स्लो वन.

पहिल्या जागेत "द" सगळेच लिहितात. कारण "फर्स्ट", पहिली गाडी एकच असणार, आणि पुढे "इन इंडिया" लिहून ती कुठली तेही पक्कं केलंय. पण तेच वाक्य फिरवून "इंडियाज फर्स्ट पॅसेंजर ट्रेन" असं आलं आणि "इंडियाज"च्या आधी किंवा नंतर जागा सोडली, की अर्धा वर्ग तिथेही "द" टाकतो. तिथे फुली. डिटरमिनरची खुर्ची एकच असते, तिच्यावर "इंडियाज" बसलाय, मग "द"ला जागा कुठली? "माय", "धिस", "एव्हरी" बसले तरी हेच. "द माय फ्रेंड" कोणी लिहीत नाही, पण "इंडियाज द फर्स्ट" मात्र बिनधास्त लिहितात.

दुसऱ्या जागेत "ऑन", कारण तारीख दिलीय, म्हणजे ठराविक दिवस आहे. नुसतं एप्रिल किंवा नुसतं १८५३ असतं तर "इन" आलं असतं. तिसऱ्या जागेत "इन", कारण "द आफ्टरनून" हा दिवसाचा भाग आहे. इथपर्यंत सोपं. गंमत पुढे आहे, "ऑन द आफ्टरनून ऑफ १६ एप्रिल" असं वाक्य आलं की आफ्टरनून असूनही "ऑन" येतं, कारण आता ती दुपार एका दिवसाला बांधली गेली. म्हणून "आफ्टरनूनला इन लागतं" एवढंच पाठ केलं असेल तर मार्क जाणार. आफ्टरनूनच्या पुढे काय लिहिलंय तेही वाचायचं.

चौथी जागा म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या पोरांचा सापळा. आपण म्हणतो "काका वीस वर्षांपासून ठाण्यात राहतायत", आणि "पासून" डोक्यात असल्यामुळे हात आपोआप "सिन्स" लिहितो, कधी कधी तर "फ्रॉम"सुद्धा. आता जागेच्या पुढचे शब्द बघा, "ट्वेंटी इयर्स". ही तारीख आहे की काळाची लांबी? लांबी. म्हणून "फॉर". सुरुवात कधी झाली ते दिलं असतं, म्हणजे २००४ किंवा मंडे किंवा मॉर्निंग, तर "सिन्स" बरोबर होतं. मराठीत दोन्हीकडे "पासून" चालतं, इंग्लिशमध्ये नाही. "ठाण्याला पोहोचलो"चं "रीच्ड टू ठाणे" होतं तेही असंच. पोहोचण्याच्या अर्थाने "रीच" आलं की त्याच्यानंतर प्रिपोझिशन येतच नाही, तिथे फुली मारा आणि कारणात "रीच" लिहा. आणि "डॉक्टरशी लग्न" म्हणून "मॅरिड विथ" नाही, "मॅरिड टू". अशा ठिकाणी अर्थावरून कारण शोधत बसू नका, ती त्या शब्दाची सवय आहे, "मॅरिडसोबत टू येतो" हेच पूर्ण कारण.

पाचवीत "ॲन". बरीच पोरं "युनिफॉर्म" बघून उत्तर ठरवतात, कोणी "यू स्वर आहे म्हणून ॲन" असं लिहून जातं, उत्तर बरोबर निघतं पण नशिबाने. ए की ॲन हे लगेच पुढच्या शब्दाच्या आवाजावर ठरतं, आणि इथे पुढचा शब्द "ओल्ड" आहे. "ओल्ड" काढून टाका, झालं "अ युनिफॉर्म". यासाठी आपल्याकडे एक फुकटची सोय आहे, तो शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर अ, आ, इ, ए, ओ असं स्वराचं आलं तर ॲन, य, व, ह किंवा दुसरं व्यंजन आलं तर अ. अवर, ऑनेस्ट, एमएलए, तिन्ही ॲन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे टिकट, तिन्ही अ. स्पेलिंगकडे बघूच नका. फक्त उच्चार बरोबर हवा, "हॉनेस्ट" म्हणणाऱ्याला ही युक्ती बुडवणार.

सहाव्या जागेत फुली. कारण "बाय", इथे कुठली गाडी ते सांगायचंच नाहीये, कशाने जातात तेवढंच सांगायचंय. कारणात नुसतं "आर्टिकल नको" लिहिलं की अर्धा मार्क कापते मी. का नको ते सांग ना! आणि गाडी ठराविक झाली की "बाय" स्वतःच निघून जातो, "बाय कार" पण "इन माय कार", "बाय ट्रेन" पण "ऑन द ८.१२".

सातवीत "लिटिल" की "अ लिटिल", यावर घरी आईबाबांची पण भांडणं होतात. "रूम" म्हणजे इथे खोली नाही, जागा, ती मोजता येत नाही, म्हणून "फ्यू" आधीच बाद. "लिटिल" म्हणजे जवळजवळ नाहीच, "अ लिटिल" म्हणजे थोडी तरी आहे. जागेपाशी याचं उत्तर मिळत नाही, वाक्याच्या शेवटी मिळतं: "सो ही टेक्स द स्लो वन". फास्ट सोडून स्लो पकडली म्हणजे जागा नव्हती, म्हणून "लिटिल". शेवट "सो ही गॉट इन" असा असता तर "अ लिटिल". कारणाच्या रकान्यात ते "सो"वालं वाक्य यायलाच हवं.

कधी कधी दोन उत्तरं खरंच चालतात. "पॅसेंजर्स ___ द ट्रेन" मध्ये "ऑन" पण आणि "इन" पण. "___ फ्लेमिंगोज नियर ऐरोली ब्रिज आर पिंक" इथे तिथलेच ठराविक फ्लेमिंगो म्हणायचे असतील तर "द" हवं, पण नुसतं "___ फ्लेमिंगोज आर पिंक" असेल तर सगळ्या जातीबद्दल बोलणं आहे, तिथे फुली. आन्सर की मध्ये एकच उत्तर छापलंय आणि तुमचं वेगळं आलंय, तर लगेच खोडू नका, कुठल्या शब्दावरून ते घेतलं ते लिहून मॅडमना दाखवा. बोट ठेवायला शब्दच सापडत नसेल तर मग खोडा.