ऑफर हातात आली, पण ‘हायब्रिड’ म्हणजे नक्की काय? या चुका टाळा

ऑफर आल्यावर बहुतेक जण रिक्रूटरला फोनवर एवढंच विचारतात, “वर्क फ्रॉम होम आहे ना?” उत्तर येतं, “हो हो, हायब्रिड आहे, फ्लेक्झिबल आहे.” दोघंही खूश. पण या उत्तरातून हाती काहीच लागत नाही. रिक्रूटर खोटं बोलते असं नाही. प्रश्नच इतका ढोबळ असतो की त्याला ‘हो’शिवाय दुसरं उत्तर सुचत नाही.

समजा, घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका मुलीला ऐरोलीच्या ऑफिसची ऑफर आली आहे. सध्याच्या नोकरीत नोटीस पिरियड 90 दिवसांचा. फोनवर तिला “आठवड्याला तीन दिवस ऑफिस” असं सांगितलंय.

तिने पहिल्यांदा विचारायला हवं ते हे, की दिवस मोजतात कसे? काही कंपन्या आठवड्याला तीन दिवस धरतात, काही महिन्याला 12, तर काही कामाच्या दिवसांच्या 60 टक्के. 20 कामाच्या दिवसांच्या महिन्यात तिन्हींचा हिशेब साधारण एकच येतो. फरक कळतो तो सुट्टी घेतल्यावर. तिने गणपतीला पाच दिवस रजा टाकली की उरले 15 दिवस. रजा वजा करून 60 टक्के धरले तर ऑफिसचे नऊ दिवस भरतात. 12 हा आकडा पक्का असेल तर 15 पैकी 12 दिवस जावं लागतं, म्हणजे घरून काम फक्त तीन दिवस. म्हणून “रजा आणि सणाच्या सुट्ट्या यातून वजा होतात का?” हे वाक्य मेलमध्ये हवंच. त्याला जोडूनच विचारा की दिवस आपण निवडायचे की टीमचे ठरलेले असतात, आणि प्रोबेशनमध्येही हाच नियम आहे का. प्रोबेशनभर रोज ऑफिस, असा नियम असेल तर तो रुजू झाल्यावर कळण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक ठिकाणाची. ऑफर लेटरमध्ये अनेकदा नुसतं ‘मुंबई’ लिहिलेलं असतं. कंपनीचं एक ऑफिस ऐरोलीला आणि दुसरं अंधेरीला असेल तर ‘मुंबई’त दोन्ही बसतात. ऐरोलीला जायचं तर तिला ठाणे स्टेशन गाठून ट्रान्स-हार्बरची गाडी धरायची, मध्ये दिघा गाव, की पुढे ऐरोली. अंधेरीला मात्र ठाण्याहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो. घोडबंदरचा ट्रॅफिक दोन्हीकडे आहेच, तो काही सुटत नाही! तेव्हा रोजच्या बसण्याच्या ऑफिसचं नाव लेटरमध्ये घालून मागा. क्लायंटच्या ऑफिसला जावं लागतं का, आणि ते दिवस हजेरीत धरतात का, हेही तिथेच विचारून घ्या.

तिसरी चूक जास्त महागात पडते. माहिती विचारणं आणि सवलत मागणं एकाच वाक्यात मिसळलं जातं. “किती दिवस यावं लागेल, आणि मला दोनच चालतील का?” असं लिहिलं की रिक्रूटर मागणीलाच उत्तर देते आणि माहिती राहून जाते. आधी नियम लेखी घ्या. मग वेगळी मागणी करा. रिक्रूटरला अपवाद मंजूर करायचा अधिकार सहसा नसतो, तो हायरिंग मॅनेजरचा. कन्सल्टन्सीतली रिक्रूटर असेल तर तिच्या तोंडी शब्दावर अजिबात थांबू नका, कंपनीच्या एचआरला मेलमध्ये घ्या. मागणी नेमकी ठेवा: “सकाळी आठला येऊन चारला निघता येईल का, उरलेलं काम घरून करेन” हे मॅनेजरला पटकन ठरवता येतं. “थोडी फ्लेक्झिबिलिटी हवी” याचं तो काय करणार?

फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी छोटा मेल टाका: आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे ऑफिस ऐरोली, आठवड्याला तीन दिवस, रजा वजा, प्रोबेशनलाही तोच नियम, काही वेगळं असल्यास कृपया कळवावं. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी एकदा आठवण करा. तरीही शांतताच असेल तर ऑफर स्वीकारण्याची मुदत वाढवून मागा, आणि तोपर्यंत राजीनामा देऊ नका. एकदा राजीनामा दिला की तुमच्या प्रश्नांची धारच जाते.

“ते जॉइन झाल्यावर मॅनेजर ठरवेल” असं उत्तर आलं तर त्या मॅनेजरशी पंधरा मिनिटांचा कॉल मागा. कॉलवर नियम विचारू नका. “तुमच्या टीममधले लोक गेल्या महिन्यात किती दिवस आले?” असं विचारा.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. ‘कंपनी धोरण कधीही बदलू शकते’ आणि ‘आधीचं सगळं बोलणं या पत्राने रद्द’ अशी कलमं नेमणूकपत्रात असू शकतात. तसं असेल तर मेलमधल्या होकाराचं वजन कमी होतं. तीन महिन्यांच्या नोटीसमध्ये धोरणही बदलू शकतं. म्हणून रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी तोच जुना मेल पुढे करून “हे अजूनही असंच आहे ना?” विचारा. आणि ज्याच्याशिवाय नोकरी जमणारच नाही, लहान मूल किंवा आजारी आई-वडील असतील तर, ती एक अट मेलवर न ठेवता पत्रातच घालून घ्या.