पगारवाढीचा मेल एप्रिलची वाट न बघता टाका
बऱ्याच कंपन्यांत नवा पगार एप्रिलपासून लागू होतो पण टीमचं बजेट त्याआधीच ठरून गेलेलं असतं, त्यामुळे मेल जानेवारीतच टाका, नंतर मॅनेजरच्या मनात असलं तरी हातात फारसं काही उरत नाही. आणि "खूप मेहनत घेतली" वगैरे नको, आधी काय होतं आणि आता काय आहे ते आकड्यात लिहा. माझा मेल असा होता:

"सर, व्हेंडर रिकन्सिलिएशनला आधी ६ दिवस लागायचे, जुलैपासून २ दिवसांत होतंय, शीट जोडली आहे. नव्या दोघांचं कामही मीच तपासते. सीनियर पोस्ट आणि पगाराबद्दल बोलायचं होतं, गुरुवारी किंवा शुक्रवारी ४ नंतर २० मिनिटं मिळतील का?"

बस एवढंच. रक्कम मुद्दाम टाकली नाही, कारण असा मेल एचआरकडे फॉरवर्ड होतो आणि मग आपण लिहिलेल्या आकड्याच्या वर कोणी जातच नाही. मीटिंगला जाताना मात्र आकडा डोक्यात पक्का हवा. घराचा हप्ता वाढला हे कारण तर अजिबात देऊ नका (त्यांचाही वाढलेलाच असतो). बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळी मेल करा, काय ठरलं आणि परत कधी बोलायचं ते.