कोकम सरबताच्या बाटलीची जाहिरात: फ्रेम ठरवताना या चुका टाळा

समजा, एका घरगुती उद्योगाला कोकम सरबताची छोटी जाहिरात करायची आहे. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर 25 सेंटीमीटर उंचीची बाटली, शेजारी भरलेला ग्लास, मागे खिडकी. साधाच प्रसंग आहे, पण नवशिक्याचा शॉट बहुतेक वेळा इथेच फसतो. रूल ऑफ थर्ड्स म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन समान भाग करणाऱ्या रेषांवर वस्तू बसवणं, लीडिंग लाइन म्हणजे नजरेला वस्तूकडे नेणारी रेष आणि फोकल पॉइंट म्हणजे नजर सगळ्यात आधी जिथे जावी ती जागा, हे तिन्ही शब्द त्याला माहीत असतात. नेमकं काय कुठे ठेवायचं, ते मात्र ठरलेलं नसतं.

सुरुवातीची चूक कागदावरच होते

शॉटच्या वर्णनात बऱ्याचदा असं लिहिलेलं असतं: "बाटली आकर्षक दिसावी, मागे सुंदर स्वयंपाकघर, एक बाई हसत सरबत ओतते आहे." यावरून कॅमेरामनला काहीच ठरवता येत नाही. नजर बाटलीवर हवी, हसणाऱ्या चेहऱ्यावर की पडणाऱ्या धारेवर? सांगितलं नाही, तर प्रेक्षक चेहराच पाहणार, कारण फ्रेममध्ये माणसाचा चेहरा असला की नजर आधी तिकडे जाते.

तेच असं लिहून पाहा: "फोकल पॉइंट: लेबलवरचं नाव. बाटली उजव्या तृतीयांश रेषेवर, उंची फ्रेमच्या निम्म्याहून थोडी जास्त. ओट्याची पुढची कड डाव्या खालच्या बाजूने बाटलीच्या बुडाकडे जाते. डावा भाग मजकुरासाठी मोकळा. बाईचे फक्त हात दिसतात." आता प्रत्येक शब्दावरून सेटवर काहीतरी हलवता येतं. ज्या शब्दावरून काही हलवता येत नाही, तो वर्णनातून काढून टाकावा.

फोकस साधला म्हणजे फोकल पॉइंट साधला असं नाही

मोबाइलवर बाटलीला टॅप केलं, लेबल धारदार दिसलं, तरी नजर दुसरीकडेच जाते. असं झालं तर लेबलपेक्षा जास्त उजळ, जास्त रंगीत किंवा जास्त कॉन्ट्रास्टचं काय आहे ते शोधा. आपल्या प्रसंगात संशयित तीन: मागची खिडकी, स्टीलच्या भांड्यावरची चकाकी आणि ग्रॅनाइटमध्ये पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. गडद ओट्यावरचा पांढरा ठिपका लहान असला तरी लेबलवर मात करतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. एक फोटो काढा, तो कृष्णधवल करा आणि गॅलरीतल्या लघुचित्राएवढा लहान करून पाहा. आधी जे दिसतं, तोच तुमचा खरा फोकल पॉइंट. तो लेबल नसेल, तर लेबलवर प्रकाश वाढवत बसण्याआधी बाकीचं कमी करा. भांडं उचला, खिडकीला पातळ पडदा लावा, ट्यूब बंद करा. बाटलीमागचा लाल डबाही काढा. कोकमाचा गडद लाल रंग फ्रेममध्ये एकाच जागी असला तरच तो उठून दिसतो.

तृतीयांश रेषा: बिंदूवर काय ठेवायचं?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ग्रिड चालू केलं की दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा दिसतात. 1920×1080 च्या आडव्या फ्रेममध्ये उभ्या रेषा 640 आणि 1280 पिक्सेलवर, तर आडव्या 360 आणि 720 वर येतात. नवशिके अख्खी बाटली एका छेदबिंदूवर बसवायला बघतात. मग ती फार लहान होते किंवा तिचं झाकण फ्रेमबाहेर जातं. उंच वस्तूचा मध्यअक्ष उभ्या रेषेवर आला की पुरे. लेबलवरचं नाव छेदबिंदूच्या जवळपास आलं तर उत्तम, पण त्यासाठी बाटलीचं बूड कापू नका.

दुसरी चूक मोकळ्या जागेची. बाटली उजवीकडे नेली आणि डावीकडे काहीच घडत नसेल, तर फ्रेम एका बाजूला कललेली वाटते. त्या जागेला काम हवं: तिथे मजकूर येईल, ओतणारा हात येईल किंवा खिडकीचा उजेड पडेल. आणि शेवटचा शॉट, ज्यात फक्त बाटली आणि नाव असतं, तो सरळ मध्यावर घ्या. तिथे नजरेला प्रवास करायचाच नसतो, म्हणून तृतीयांशाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त नडते ती मागची कड

ओट्याची पुढची कड, फरश्यांचे सांधे, चमच्याचा दांडा, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा या सगळ्या लीडिंग लाइन होऊ शकतात. अट एवढीच, की रेष फोकल पॉइंटपाशी किंवा त्याच्या बुडाशी थांबली पाहिजे. बाटलीच्या पुढे जाऊन फ्रेमबाहेर पडणारी रेष नजरेलाही बाहेर घेऊन जाते. त्या रेषेच्या वाटेत बाटली किंवा ग्लास ठेवला की ती तिथेच तुटते.

पण ओट्याला मागेही एक कड असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. ती बाटलीच्या मानेमागून गेली की झाकण वेगळं कापल्यासारखं दिसतं, लेबलमागून गेली की अक्षरं वाचायला त्रास होतो. ही कड कुठे दिसेल हे कॅमेऱ्याच्या उंचीवर ठरतं. कॅमेरा बाटलीपासून 100 सेंटीमीटरवर आणि मागची कड बाटलीच्या 50 सेंटीमीटर मागे असेल, तर कड ओट्यापासूनच्या कॅमेऱ्याच्या उंचीच्या एक तृतीयांशावर बाटलीला छेदते. कॅमेरा ओट्यापासून 60 सेंटीमीटर वर असेल, तर कड बाटलीच्या 20 सेंटीमीटरवर, म्हणजे बरोबर मानेपाशी येते. तोच 20 सेंटीमीटरवर आणला की कड साधारण 7 सेंटीमीटरवर, लेबलच्या खाली जाते. नुसता कॅमेरा वर-खाली कलवून हे सुटत नाही, त्याची उंची किंवा बाटलीची जागाच बदलावी लागते.

आडवा शॉट उभा करताना

आडव्या फ्रेममध्ये सगळं जमलं, आणि मग कुणीतरी म्हणतं, हाच रीलसाठी उभा कापा. 1920×1080 मधून 9:16 चा उभा तुकडा मध्यावरून कापला, तर त्याची रुंदी सुमारे 608 पिक्सेल असते आणि तो 656 ते 1264 एवढाच भाग घेतो. बाटलीचा मध्य 1280 वर आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त बाटली गेली. तुकडा उजवीकडे सरकवला तर बाटली वाचते, पण ओट्याची कड सुरुवातीलाच तुटते आणि मजकुराची जागा संपते.

म्हणून उभा शॉट वेगळा घ्या. त्यात उभ्या रेषा 360 आणि 720 वर, आडव्या 640 आणि 1280 वर येतात. रीलमध्ये बटणं उजव्या कडेला आणि कॅप्शन खाली येतं, त्यामुळे इथे बाटली डाव्या रेषेवर ठेवा, ग्लास आणि हात त्यानुसार हलवा आणि लेबल खालच्या पट्ट्याच्या वर राहील एवढी जागा सोडा. संपादनात चित्र आरशासारखं उलटवून हा बदल करायला जाऊ नका, लेबलवरची अक्षरं उलटी होतील.