छोट्या दुकानाचा हिशेब: या चुका टाळा

गल्लीतल्या किराणा दुकानांचे हिशेब मी लिहितो. बहुतेक जण मार्चअखेर पिशवीभर बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन येतात. विक्री किती झाली विचारलं की उत्तर ठरलेलं: "खात्यावर आलेत तेवढे, आणि थोडी रोख." घोळ इथूनच सुरू होतो.

खात्यावर आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो. मेहुण्याने परत केलेले पैसे आणि भिशीची रक्कमही त्याच क्यूआरवर येते. तो पैसा कशाचा हे कुठे लिहिलेलं नसेल, तर कर खात्याला तो विक्रीचाच दिसतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. म्हणून दुकानासाठी वेगळं बँक खातं काढा आणि काउंटरवर त्याच खात्याचा क्यूआर लावा. घरचे पैसे तरीही त्यात आले, तर त्याच दिवशी नाव घालून लिहा.

दुसरी चूक रोजमेळाची. रात्री गल्ला मोजायचा, सकाळची शिल्लक वजा करायची आणि उरेल ती विक्री धरायची, असं बरेच जण करतात. एका दिवसाचा हिशेब मांडून बघू. सकाळी गल्ल्यात २,००० होते, रात्री ६,३५० निघाले. फरक ४,३५०. पण दिवसभरात बेकरीवाल्याला १,४०० दिले, हमालीला १५० गेले आणि घरी १,००० नेले. हे २,५५० विक्रीतूनच गेले, म्हणून मिळवायचे: ६,९००. यात जुन्या उधारीची ९०० रुपये वसुली आहे, ती आजची विक्री नव्हे, म्हणून वजा. रोख विक्री झाली ६,०००. यूपीआयवर ४,७०० दिसतात, त्यातले ७०० मेहुण्याचे, म्हणजे विक्री ४,०००. आज उधारीवर ८०० चा माल दिला. एकूण विक्री १०,८००.

उधारीवर दिलेला माल ही दिल्या दिवसाचीच विक्री. पैसे महिन्याने आले की उधारीच्या वहीत त्या गिऱ्हाइकाच्या नावावर जमा करायचे आणि रोजमेळात 'उधारी वसुली' लिहायचं. विक्रीत पुन्हा धरायचं नाही. वसुली आणि मेहुण्याचे पैसे दोन्ही विक्रीत धरले, तर याच दिवसाची विक्री १२,४०० दिसेल.

३६० दिवस दुकान असंच चाललं, तर १०,८०० च्या हिशेबाने विक्री ३८ लाख ८८ हजार होते, १२,४०० ने ४४ लाख ६४ हजार. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाच्या ४० लाखांपुढे जीएसटी नोंदणी लागते. म्हणजे नुसत्या चुकीच्या लिहिण्याने माणूस मर्यादेपलीकडे गेलेला दिसतो. ही मर्यादा मोजताना दूध, भाजी, सुटं धान्य असा करमाफ मालही धरला जातो, हे अनेकांना ठाऊक नसतं. म्हणून रोजमेळात करपात्र आणि करमाफ विक्रीचे दोन रकाने आजपासूनच पाडा.

"मी आयकराच्या अनुमानित योजनेत रिटर्न भरतो, मला वही कशाला?" असं काही जण विचारतात. त्या योजनेत रोख विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरतात. पण टक्के लावायचे ते विक्रीवर, तेही रोख आणि यूपीआय वेगवेगळे करून. तो आकडा रोजमेळाशिवाय येणार कुठून?

आता वहीचा खरा उपयोग. दर महिन्याच्या शेवटच्या रात्री माल मोजा आणि खरेदी दराने किंमत लावा. समजा महिन्याच्या सुरुवातीला १,२०,००० चा माल होता, २,८०,००० ची खरेदी झाली आणि शेवटी १,१५,००० चा उरला. म्हणजे २,८५,००० चा माल गेला. ३० दिवसांची विक्री ३,२४,०००. भाडं आणि वीजबिल जाण्याआधी ३९,००० उरले, साधारण १२ टक्के. पुढच्या महिन्यात हेच प्रमाण ९ वर आलं, तर कारण शोधायलाच हवं. मी सगळ्यात आधी घरी गेलेला माल विचारतो. तेलाचा डबा, साखर, साबण घरी जातात आणि कुणी लिहीत नाही. ते खरेदी दराने 'घरखर्च' म्हणून लिहा. त्यानंतरही तूट राहिली, तर खरेदीचा भाव वाढूनही जुन्याच भावाने काय विकलं जातंय ते बघा, आणि मग चोरी-नासाडीकडे वळा.

खरेदीची बिलं तारखेवार फाइलला लावा. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पांढरं पडतं, म्हणून आलं त्याच दिवशी झेरॉक्स काढून मागे टाचा. जीएसटी नोंदणी असेल, तर हे कागद वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात.